औद्योगिक वर्गीकरण संकेतांकाचा ऐतिहासिक अन्वय : खंडाळा (जि. सातारा) येथील रंगकारखान्याच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी वसलेले खंडाळा हे सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. लोणावळ्याजवळच्या प्रसिद्ध खंडाळ्याशी नामसाधर्म्यापलीकडे त्याचा काही संबंध नाही. या तालुक्यात २०१३ साली एशियन पेंट्स या कंपनीचा रंगनिर्मितीचा कारखाना सुरू झाला. त्याची आरंभीची वार्षिक क्षमता तीन लाख किलोलिटर होती. अशा कारखान्याची नोंद जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात कोणत्या उद्योगाखाली करावी, हा प्रश्न वरकरणी विचारण्याजोगाही वाटत नाही. रंगाचा कारखाना रसायन उद्योगात मोडतो, हे उघड आहे. परंतु अभ्यासकासमोर कारखाना नसतो. त्याच्यासमोर असतो तो कंपनीच्या पत्रशीर्षावर छापलेला क्रमांक, आणि तो असा आहे :

```
L24220MH1945PLC004598
```

यातील दुसऱ्या ते सहाव्या स्थानावरील पाच अंक, म्हणजे २४२२०, हा कंपनीचा उद्योग सांगणारा संकेतांक होय. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाची २००८ ची आवृत्ती हाती घेऊन ‘२४’ हा विभाग उघडला, तर तेथे ‘मूलभूत धातूंचे उत्पादन’ असे शीर्षक आढळते. १९८७ च्या आवृत्तीत ‘२४’ खाली लोकर, रेशीम व मानवनिर्मित धाग्यांची वस्त्रे आहेत. रसायने ‘२४’ खाली सापडतात ती केवळ १९९८ व २००४ या दोन आवृत्त्यांत. अंक एकच, पण वीस-एकवीस वर्षांत त्याचे तीन अर्थ झाले. जुना संकेतांक नव्या आवृत्तीत नेण्याचे काम यांत्रिक नसून दस्तऐवजाचा काळ ठरवण्याइतकेच ऐतिहासिक स्वरूपाचे आहे, हे प्रस्तुत निबंधात या एका उदाहरणाच्या आधारे पाहिले आहे.

वर्गीकरणाच्या आवृत्त्या

भारतात उद्योगांचे प्रमाणित वर्गीकरण प्रथम १९६२ मध्ये तयार झाले. त्यानंतर ‘राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण’ या नावाने १९७०, १९८७, १९९८, २००४ आणि २००८ या सालांच्या आवृत्त्या केंद्रीय सांख्यिकी संघटनेने सिद्ध केल्या. या सर्वांच्या मागे संयुक्त राष्ट्रसंघाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण वर्गीकरण उभे आहे. १९८७ पर्यंत भारतीय वर्गीकरणाने त्याची चौकट घेतली, पण अंक मात्र बऱ्याच अंशी स्वतःचे ठेवले. म्हणूनच सुती वस्त्रे, लोकर-रेशीम, ताग यांना तेव्हा स्वतंत्र दोन अंकी विभाग होते. कापड गिरण्यांच्या देशात ते स्वाभाविकही होते. १९९८ मध्ये ही भूमिका बदलली. पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळवून घेण्यात आले आणि देशी गरजेसाठी पाचवा अंक राखून ठेवला गेला. २००४ ची आवृत्ती आंतरराष्ट्रीय ३.१ शी आणि २००८ ची चौथ्या आवृत्तीशी संलग्न आहे.

अभ्यासकाला अडचण येते ती या शेवटच्या पायरीवर. १९९८ कडून २००४ कडे जाताना विभागांचे अंक जवळजवळ तेच राहिले. २००४ कडून २००८ कडे जाताना मात्र उत्पादन उद्योगांची संपूर्ण रांग सरकली. रसायने २४ वरून २० वर आली आणि त्यांतून औषधनिर्मिती वेगळी काढून तिला २१ हा अंक देण्यात आला. मूलभूत धातू २७ वरून २४ वर आले. विद्युत उपकरणे ३१ वरून २७ वर, यंत्रसामग्री २९ वरून २८ वर आणि मोटार वाहने ३४ वरून २९ वर आली. कोणताही अंक रिकामा राहिला असता तर चूक लगेच लक्षात आली असती. येथे प्रत्येक रिकाम्या झालेल्या घरात दुसरा उद्योग राहायला आला आहे. जुना अंक नव्या पुस्तकात शोधला तर ‘सापडत नाही’ असे उत्तर न मिळता चुकीचे, पण पूर्ण अर्थाचे उत्तर मिळते.

संकेतांक कोणत्या पुस्तकातील?

जुळणीच्या कामातील पहिली पायरी म्हणजे संकेतांकाची आवृत्ती निश्चित करणे. ती क्रमांकावर कोठेही लिहिलेली नसते. क्रमांकात एक साल असते खरे. वरील उदाहरणात ते १९४५ आहे. परंतु ते कंपनीच्या नोंदणीचे साल होय. मुंबईत १९४२ मध्ये चार भागीदारांनी सुरू केलेला हा व्यवसाय १९४५ मध्ये ‘एशियन ऑइल अँड पेंट कंपनी (इंडिया) प्रायव्हेट लिमिटेड’ या नावाने नोंदला गेला. त्या वर्षी भारतात असे कोणतेही वर्गीकरण अस्तित्वात नव्हते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची मूळ आवृत्तीसुद्धा १९४८ ची आहे. कंपन्यांच्या नोंदींचे संगणकीकरण होताना जुन्या कंपन्यांनाही एकवीस स्थानांचा ओळख क्रमांक देण्यात आला. त्यात सूचिबद्धतेचे अक्षर, उद्योगसंकेत, राज्य, नोंदणीचे साल, कंपनीचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक हे सारे एकाच माळेत ओवले गेले. ‘एमसीए-२१’ हा केंद्र सरकारचा प्रकल्प २००६ मधील आहे. एकाच क्रमांकात १९४५ चे तथ्य आणि सुमारे साठ वर्षांनंतरची वर्गीकरणाची भाषा शेजारी शेजारी बसली आहेत. जुन्या मंदिरावर नंतर बसवलेल्या शिलालेखासारखा हा प्रकार आहे. शिलालेखातील मजकूर मंदिराच्या स्थापनेविषयी असला, तरी लिपी मात्र कोरणाऱ्याच्या काळाची असते.

मग आवृत्ती ठरवायची कशी? अंकांची संख्या हा एक पुरावा आहे, कारण पाच अंकी रचना १९९८ पासूनची आहे. तो पुरेसा मात्र नाही. चार किंवा तीन अंकी संकेताला शून्ये जोडून त्याची लांबी वाढवता येते. दुसरा पुरावा म्हणजे अस्तित्वाची कसोटी : त्या क्रमाचा वर्ग त्या पुस्तकात आहे किंवा नाही. २००८ च्या आवृत्तीत २४२ हा गट मौल्यवान व इतर अलोह धातूंचा असून त्याखाली २४२० हा एकच वर्ग आहे. २४२२ असा वर्ग तेथे नाहीच. दोन अंकांवर थांबलेला वाचक फसतो. चार अंकांपर्यंत गेलेल्याला संशय येतो. २००४ च्या आवृत्तीत मात्र २४२२ हा वर्ग आहे व त्याचे शीर्षक रंग, वार्निश व तत्सम लेप, छपाईची शाई आणि मॅस्टिक यांचे उत्पादन असे आहे.

तिसरा पुरावा सर्वांत महत्त्वाचा : कंपनीचा प्रत्यक्ष व्यवसाय. कंपनी रंग बनवते हे स्वतंत्र साधनांनी ठाऊक असल्यामुळे २४२२ चा अर्थ १९९८-२००४ च्या चौकटीतच लावला पाहिजे, हे सिद्ध होते. १९९८ आणि २००४ यांपैकी नेमकी कोणती आवृत्ती, हा प्रश्न येथे गौण आहे. या वर्गापुरता दोहोंचा अर्थ एकच असल्याने निकाल बदलत नाही.

हाच निकष सांगली जिल्ह्याला लावून पाहण्यासारखा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या मुलखात वसवलेल्या किर्लोस्करवाडीतून जी कंपनी वाढली, तिचा क्रमांक L29113PN1920PLC000670 असा आहे. २००८ च्या पुस्तकात २९ म्हणजे मोटार वाहने. १९८७ च्या पुस्तकात २९ म्हणजे चामडे. पहिला नांगर आणि नंतर पंप यांसाठी महाराष्ट्रभर ओळखली जाणारी कंपनी या वाचनात एकदा मोटारी बनवते आणि एकदा कातडी कमावते. २००४ च्या पुस्तकात २९ म्हणजे यंत्रसामग्री, आणि कोडे सुटते. तरीही एक गाठ उरते. २००४ मध्ये २९११ हा वर्ग इंजिने व टर्बाइन यांचा आहे. पंपांचा वर्ग २९१२ आहे. आवृत्ती बरोबर ओळखली तरी संकेतांकाने सांगितलेला वर्ग कंपनीच्या मुख्य ओळखीशी तंतोतंत जुळतोच असे नाही.

या मर्यादेची आणखी ठळक उदाहरणे देता येतात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या ओळख क्रमांकात २२२१० आणि इन्फोसिसच्या क्रमांकात ८५११० हे अंक आहेत. २००४ च्या पुस्तकात वाचल्यास पहिला वर्ग छपाईचा आणि दुसरा रुग्णालयांचा निघतो. संगणक क्षेत्रातील या दोन कंपन्यांचा छपाईशी वा रुग्णसेवेशी मुख्य व्यवसाय म्हणून संबंध नाही, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून ते अंक वाचून कोणी फसत नाही. कमी परिचित कंपनीच्या बाबतीत असे सामान्य ज्ञान मदतीला येत नाही. तेथे घटनापत्रातील उद्दिष्टे व वार्षिक अहवाल पाहणे अनिवार्य ठरते. एरवी चुकीच्या संकेतांकाची अचूक जुळणी केल्याने ती चूक नव्या आवृत्तीत अधिक अधिकृत दिसू लागते, एवढेच होते.

नव्या कंपन्या या अडचणीतून मुक्त आहेत असेही समजू नये. २००८ ची आवृत्ती निघाल्यानंतरही कंपनी नोंदणीत जुनेच अंक दीर्घकाळ वापरात राहिले. २०२० च्या सुमारास नोंदलेल्या संगणक सेवा कंपन्यांच्या क्रमांकात सामान्यतः ७२ हा २००४ चा विभाग दिसतो. २०२३ पासूनच्या क्रमांकांत ६२ हा २००८ चा विभाग दिसू लागतो. २००८ मध्ये ७२ हा अंक वैज्ञानिक संशोधन व विकासाला देण्यात आलेला आहे. कंपनी २००८ नंतरची आहे एवढ्यावरून तिचा संकेतांक २००८ चा मानला, तर संगणक सेवा देणाऱ्या अनेक लहान कंपन्या संशोधन संस्थांच्या रांगेत जाऊन बसतील.

जुळणीची वाट

आवृत्ती ठरल्यावर २४२२ चे २००८ मधील स्थान शोधायचे. २००८ च्या पुस्तकातच २००४ शी जुळणी दाखवणारी सारणी दिलेली आहे. तीनुसार २४२२ हा वर्ग २०२२ मध्ये येतो आणि शीर्षकही जवळजवळ शब्दशः तेच राहते. येथे जुळणी एकास एक असल्याने काम सोपे झाले. शेजारच्या वर्गांचे तसे नाही. २४२३ हा औषधांचा वर्ग २० मध्ये न जाता २१०० मध्ये गेला. २००४ मधील ‘२४’ ला सरसकट ‘२०’ म्हणणारे सूत्र रंगांच्या बाबतीत बरोबर आणि औषधांच्या बाबतीत चूक ठरते. दोन अंकांची जुळणी ही जुळणी नव्हे. ती केवळ दिशा होय.

यंत्रांच्या बाबतीत फाटे अधिक आहेत. पंपांचा २९१२ हा जुना वर्ग २००८ मध्ये दुभंगला. द्रवशक्तीवर चालणाऱ्या उपकरणांसाठी २८१२ हा वर्ग नव्याने झाला आणि इतर पंप, कॉम्प्रेसर, नळ व झडपा २८१३ मध्ये गेल्या. याखेरीज, यंत्रांची दुरुस्ती व उभारणी पूर्वी त्या त्या उत्पादनाबरोबरच मोजली जात असे. २००८ मध्ये तिच्यासाठी ३३ हा स्वतंत्र विभाग काढण्यात आला. एखाद्या कारखान्याने शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करण्याचाच व्यवसाय केला, तर तो २००४ मध्ये पंप-उत्पादक व २००८ मध्ये दुरुस्ती करणारा ठरतो. कारखान्यात काहीच बदललेले नसते. अशा ठिकाणी सारणी एका जुन्या अंकासमोर दोन-तीन नवे अंक दाखवते आणि त्यांतून निवड करण्याचे काम अभ्यासकावरच सोडते. ती निवड उत्पादनाच्या माहितीवरूनच करावी लागते. मूळ वर्गाची अर्धी संख्या इकडे व अर्धी तिकडे अशी वाटणी करणे हा अंदाज झाला, आणि तो अंदाज म्हणून नोंदवला गेला पाहिजे.

आता पाचवा अंक. २४२२० मधील अखेरचे शून्य उपवर्ग सांगत नाही. ते चार अंकी वर्गावरच थांबले आहे. त्यामुळे २०२२ पुढे कोणता अंक लावावा हे जुन्या संकेतांकातून काढता येत नाही. २००८ मध्ये रंग, वार्निश, एनॅमल व लॅकर यांचा उपवर्ग २०२२१ आहे. छपाईच्या शाईसारख्या वस्तूंना त्याच वर्गात वेगळे उपवर्ग आहेत. कंपनीचे मुख्य उत्पादन भिंतींना व लाकडाला लावायचे रंग असल्याने २०२२१ हे उत्तर येते. मात्र हा अंक जुळणीतून मिळालेला नसून उत्पादनाच्या ज्ञानातून मिळालेला आहे. मूळ संकेतांक, निश्चित केलेली आवृत्ती, सारणीने दिलेला वर्ग आणि निर्णयाने जोडलेला पाचवा अंक हे चार स्तंभ तक्त्यात वेगवेगळे ठेवले, तर पुढील अभ्यासकाला कोठे पुरावा आहे व कोठे निर्णय आहे हे कळते.

मागे जाताना वाट अधिक खडतर होते. १९८७ च्या आवृत्तीत रंगांचा गट ३०३ होता. त्यात रंग व वार्निश यांच्याबरोबर कलाकारांचे रंग आणि शाई यांचाही समावेश होता. १९९८ पासून छपाईची शाई रंगांबरोबर २४२२ मध्ये राहिली. लिहिण्याची शाई मात्र इतर रसायनांच्या २४२९ या वर्गात मोजली जाते. कारखान्यांच्या वार्षिक सर्वेक्षणात १९९७-९८ पर्यंत १९८७ ची आणि १९९८-९९ पासून १९९८ ची आवृत्ती वापरली गेली. या दोन वर्षांच्या सांध्यावर रंग उद्योगाच्या आकड्यांत घट दिसली, तर ती उद्योगाची घट आहे की शाईची दौत दुसऱ्या कपाटात ठेवल्याचा परिणाम आहे, हे आधी तपासले पाहिजे. २००४-०५ आणि २००८-०९ ही सर्वेक्षणातील पुढील दोन सांध्यांची वर्षे होत. आलेखातील अचानक वळण नेमके अशा वर्षी येत असेल, तर कारण बाजारात शोधण्यापूर्वी वर्गीकरणात शोधावे. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीला मान्यता मिळाली असून तिच्या पायावरील भारतीय अंकांकडे जाताना २००८ हाच मधला टप्पा राहतो. २००४ चा अंक थेट तेथे नेऊ पाहणाऱ्यास मधला फाटा दिसणार नाही.

कंपनी आणि कारखाना

येथवरच्या विवेचनात एक गृहीतक दडलेले आहे : कंपनी म्हणजे एकच उद्योग. एशियन पेंट्सने अंकलेश्वर येथे थॅलिक अ‍ॅनहायड्राइड आणि तामिळनाडूत कडलूर येथे पेंटाएरिथ्रिटॉल या रसायनांचे उत्पादनही केले. ही रंगासाठी लागणारी सेंद्रिय रसायने असली तरी वर्गीकरणात ती रंग नव्हेत. त्यांचे स्थान मूलभूत रसायनांच्या २४११ या जुन्या व २०११ या नव्या वर्गात आहे. २०१४ मध्ये कंपनीने स्नानगृहातील नळ व उपकरणांच्या एका व्यवसायाची विक्रीयंत्रणा घेतली. येथे वस्तूचे नाव वाचून २८१३ हा नळांचा वर्ग लावण्याचा मोह होतो. परंतु नळ स्वतः बनवणे आणि दुसऱ्याने बनवलेले नळ विकणे यांत वर्गीकरण भेद करते. केवळ घाऊक विक्री असेल, तर बांधकाम साहित्य व नळजोडणीच्या वस्तूंचा ५१४३ हा जुना आणि ४६६३ हा नवा वर्ग लागू होतो. ओळख क्रमांकातील पाच अंकांत यांपैकी काहीच मावत नाही. तेथे मुख्य व्यवसाय तेवढा राहतो.

उलट, कारखान्यांचे वार्षिक सर्वेक्षण कंपनी मोजत नाही, कारखाना मोजते आणि त्याचा संकेतांक त्याच्या प्रमुख उत्पादनावरून ठरवते. त्या पद्धतीत कंपनीचा रसायनविभाग २०११ मध्ये आणि खंडाळ्याचा कारखाना २०२२ मध्ये जातो. दोन्ही नोंदी बरोबर आहेत, पण एकमेकींच्या जागी वापरता येण्याजोग्या नाहीत.

खंडाळा तालुक्याच्या औद्योगिक इतिहासासाठी याचा परिणाम मोठा आहे. कंपन्यांच्या नोंदवहीतून तालुक्याचे उद्योग काढू पाहणाऱ्याला हा कारखाना मुळीच सापडणार नाही. ओळख क्रमांकात राज्याची अक्षरे आहेत, जिल्ह्याची नाहीत. आणि पत्त्याच्या रकान्यात नोंदणीकृत कार्यालय असते, जे या कंपनीचे मुंबईत आहे. किर्लोस्करवाडीच्या कंपनीच्या क्रमांकातील PN ही अक्षरे पुण्याच्या निबंधक कार्यालयाची खूण आहेत. त्यांवरूनही सांगली जिल्ह्याचा सुगावा लागत नाही. पुण्या-मुंबईत नोंदलेल्या आणि साताऱ्या-सांगलीत उत्पादन करणाऱ्या कंपन्यांची यादी कारखाना परवान्यांच्या नोंदी, औद्योगिक वसाहतींतील भूखंडवाटपाची कागदपत्रे आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतील कारखान्यांच्या पत्त्यांवरून आधी तयार करावी लागते. ती हाती आल्यावरच प्रत्येक कारखान्यापुढे २००८ चा वर्ग लिहिता येतो, आणि खंडाळ्याच्या ओळीत कंपनीच्या क्रमांकातून आलेला २४ नव्हे, तर कारखान्याच्या उत्पादनातून आलेला २०२२ हा अंक पडतो.